पाटी चिनी, जपानी की कोरियन? फोटोतल्या अक्षरांवरून देश कसा ओळखावा

व्हॉट्सॲपवर एखादा फोटो किंवा व्हिडिओ येतो, खाली लिहिलेलं असतं 'चीनमध्ये काल काय झालं बघा', आणि मागे दुकानांवर किचकट अक्षरांच्या पाट्या असतात. बहुतेक जण ती अक्षरं बघून मान डोलावतात, कारण तसली सगळी अक्षरं आपल्याला चिनीच वाटतात. प्रत्यक्षात तो फोटो तैवानचा असू शकतो, जपानचा, कोरियाचा, हाँगकाँगचा, नाहीतर सिंगापूरचासुद्धा. हे ओळखायला त्यातली एकही भाषा यावी लागत नाही. हिंदी न येणारा मराठी माणूसही 'ळ' दिसला की पाटी बहुधा मराठी आहे हे सांगू शकतो. तसंच इथे आहे. नेमकं कुठे बघायचं आणि कोणत्या क्रमाने, एवढं माहीत हवं. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून पायऱ्या त्याच क्रमाने देतो.

पायरी १ : मोठं नाव सोडा, बारीक मजकूर शोधा

नवखा माणूस हमखास सगळ्यात मोठ्या, सगळ्यात झळकणाऱ्या पाटीकडे बघतो. तिथेच फसायला होतं. दुकानाचं मोठं नाव हा मालकाच्या हौसेचा भाग असतो. त्यात जुन्या वळणाची अक्षरं येतात, परदेशी अक्षरं येतात, कुणाच्या तरी सुंदर हस्ताक्षरातून उचललेली अक्षरं येतात. खरी माहिती मिळते ती कामाच्या मजकुरात: पार्किंगची पाटी, औषधाचं दुकान, पत्ता, फोन नंबर, 'ढकला-ओढा' सारख्या सूचना, रस्त्यावर रंगवलेली अक्षरं. हा मजकूर गिऱ्हाइकाला झटकन वाचता यावा म्हणून लिहिलेला असतो, त्यामुळे तो त्या देशात रोज चालणाऱ्या लिपीतच असतो.

म्हणून फोटो मोठा करा आणि अशा तीन-चार बारीक जागा हेरून ठेवा. त्याच वेळी फोटो आरशासारखा उलटा तर नाही ना, हेही बघा. चिनी अक्षरांत 中, 山, 大 यांसारखी कित्येक अक्षरं डावी-उजवीकडून जवळपास सारखीच दिसतात, त्यामुळे उलटा फोटो लक्षात येत नाही. पाटीवरचे २, ३, ५ हे इंग्रजी आकडे बघितले की उलटेपणा लगेच कळतो.

पायरी २ : पूर्ण वर्तुळ दिसतंय का?

सगळ्यात सोपी चाचणी ही. अक्षराच्या पोटात स्वच्छ, बंद वर्तुळ दिसलं, तर ती लिपी हांगुल, म्हणजे कोरियन. चिनी अक्षरांत वर्तुळ जवळजवळ नसतंच. तिथे सगळं रेघा, कोपरे आणि चौकटी यांवर चालतं. जपानी लिपीत एक अगदी बारीकसं वर्तुळ असतं, पण ते パ किंवा ぽ सारख्या अक्षराच्या उजव्या खांद्यावर, अक्षराच्या बाहेर बसतं. कोरियन वर्तुळ अक्षराचा अंगभूत भाग असतं: 이, 영, 음, 용.

दुसरी खूण ठेवणीची. हांगुलमध्ये व्यंजन आणि स्वर यांची सुटी चिन्हं दोन-दोन, तीन-तीन करून एका चौकोनात बसवतात आणि त्या चौकोनाचं एक अक्षर होतं. 한 मध्ये वर डावीकडे व्यंजन, उजवीकडे उभ्या रेघेचा स्वर आणि खाली शेवटचं व्यंजन. मूळ चिन्हं फक्त २४, १४ व्यंजनं आणि १० स्वर. त्यामुळे पाटीवर तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा दिसतात, आणि अक्षरं चिनीपेक्षा मोकळी वाटतात. राजा सेजोंगने ही लिपी १४४६ मध्ये जाहीर केली. आज दक्षिण आणि उत्तर या दोन्ही कोरियांचा रोजचा कारभार तिच्यावरच चालतो.

हांगुल दिसली की दक्षिण कोरिया म्हणून मोकळे होऊ नका, कारण आणखी दोन शक्यता उरतात. एक, चीनच्या जिलिन प्रांतातला यानब्येन हा कोरियन भाषकांचा स्वायत्त विभाग. तिथे दुकानांच्या पाट्यांवर हांगुल आणि सोपी केलेली चिनी अक्षरं जोडीने असतात. सेऊलमध्येही पर्यटकांसाठी चिनी मजकूर असतो, पण तो स्थानकांवर, दिशादर्शक फलकांवर आणि खरेदीच्या गजबजलेल्या भागात, आणि सोबत बहुधा इंग्रजी व जपानीही असतं. साध्या गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानावरसुद्धा दोन लिप्या दिसल्या, तर यानब्येनचा विचार करा. दुसरी शक्यता उत्तर कोरियाची. तिथे काही शब्दांचं स्पेलिंग वेगळं असतं. 'बाई' हा शब्द दक्षिणेत 여자, उत्तरेत 녀자. 'श्रम' हा शब्द दक्षिणेत 노동, उत्तरेत 로동. म्हणजे स्वच्छतागृहाच्या दारावरचं एक अक्षरसुद्धा दोन देश वेगळे करू शकतं. पण यानब्येनचे लोकही उत्तरेच्याच पद्धतीने लिहितात, म्हणून 녀자 च्या शेजारी चिनी अक्षरं आहेत का, हे बघायला विसरू नका.

पायरी ३ : काना आहे का?

वर्तुळ नाही, मग जपानीची खूण शोधा. जपानी मजकूर तीन लिप्यांचं मिश्रण असतो. चिनीतून आलेली अक्षरं, त्यांना कांजी म्हणतात, आणि काना नावाच्या दोन अक्षरमाला. हिरागाना गोलसर, हाताने ओघात लिहिल्यासारखी: の, い, し, る, ます. काताकाना टोकदार आणि विरळ, दोन-तीन रेघांत आटोपणारी: ト, イ, レ, ラ, आणि परदेशी शब्दांत हमखास येणारी लांब आडवी रेघ ー. दाट कांजींच्या मध्ये अशी हलकी अक्षरं विखुरलेली दिसली की पानावर कुठे गर्दी, कुठे मोकळं असा एक पोत तयार होतो. चिनी मजकूर सगळीकडे सारखाच दाट दिसतो. थोडा सराव झाला की अक्षर न वाचताही हा फरक लांबून जाणवतो.

जपानी रस्त्यावर एक गोष्ट फार कामाची: थांबण्याची पाटी. जगात बहुतेक ठिकाणी ती अष्टकोनी असते. जपानमध्ये ती उलटा लाल त्रिकोण असते आणि त्यावर 止まれ लिहिलेलं असतं. २०१७ पासून नव्या पाट्यांवर खाली इंग्रजीतही लिहितात. चीनमध्ये आणि तैवानमध्ये अष्टकोनात एकच अक्षर, 停. कोरियात अष्टकोनातच 정지. हाँगकाँगमध्ये 停 च्या जोडीला इंग्रजी.

आता या पायरीवरचे सापळे. पहिला असा, की काही काताकाना आणि काही साधी चिनी अक्षरं हुबेहूब सारखी दिसतात. カ आणि 力, ロ आणि 口, エ आणि 工, ニ आणि 二. म्हणून एकट्यादुकट्या काताकानावर निकाल देऊ नका, ओळीने तीन-चार हवीत. हिरागानात असा घोळ नाही.

दुसरा सापळा जास्त चकवणारा आहे. の हे अक्षर जपानीत 'चा-ची-चे' या अर्थाने येतं, आणि ते इतकं देखणं व ओळखीचं आहे की तैवान आणि हाँगकाँगमधले दुकानदार ते सर्रास आपल्या चिनी नावात घालतात. खायच्या पदार्थांच्या, सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत तर विशेष. दोन्ही बाजूंना चिनी अक्षरं आणि मध्ये एकटा の, बाकी पाटीवर कानाचं नावही नाही, अशी पाटी दिसली तर ती जपानची नसण्याचीच शक्यता जास्त. नियम असा लक्षात ठेवा: の सोडून दुसरा कोणताही काना सापडला तरच जपान.

तिसरा सापळा तैवानचा. तिथे मुलांना उच्चार शिकवायला ㄅ, ㄆ, ㄇ, ㄈ अशी उच्चारचिन्हांची माला वापरतात. ती काताकानाची चुलत बहीण वाटते. पाठ्यपुस्तकात ही चिन्हं अक्षराच्या उजवीकडे बारीक छापतात. पाटीवर मात्र त्यांतलं ㄟ हे चिन्ह सुटं, अक्षरांच्या बरोबरीने वापरलेलं आढळतं. तैवानच्या स्थानिक बोलीतला 'चा-ची-चे' दाखवायला ते घेतात. ते जपानी へ सारखं दिसतं, पण अशी चिन्हं पाटीवर दिसली तर तो तैवानचा पक्का पुरावा समजा.

पायरी ४ : पार्किंगची पाटी शोधा

वर्तुळ नाही, काना नाही, फक्त चिनी अक्षरं आहेत. इथे लोक हात टेकतात, आणि खरी मजाही इथेच आहे.

आधी हे ठरवून टाका की काही अक्षरं सगळीकडे सारखी असतात आणि त्यांच्यावर वेळ घालवायचा नाही. 大, 小, 中, 山, 人, 口, 水, 北, 店 ही चीन, तैवान, जपान सगळीकडे तीच. 出口, म्हणजे 'बाहेर जाण्याचा मार्ग', यावरून काहीही सिद्ध होत नाही.

कामाला येतो तो पार्किंगचा शब्द. जवळ बहुधा इंग्रजी P असतो, त्यामुळे तो सापडतोही पटकन. चारही ठिकाणी तो वेगळा आहे:

चीन: 停车场
तैवान, हाँगकाँग, मकाऊ: 停車場
जपान: 駐車場
कोरिया: 주차장

आता जवळून बघा. चीन आणि तैवानचा शब्द एकच आहे, लिहिण्याची पद्धत वेगळी. मधलं अक्षर म्हणजे 'गाडी'. 車 मध्ये चौकट आहे, चौकटीत आडवी रेघ आहे, वर-खाली आणखी रेघा आहेत, आणि सगळं आरपार छेदणारी उभी रेघ आहे. वरून बघितलेल्या रथासारखं ते सममित दिसतं. 车 मध्ये चौकटच नाही, वाकडी-तिकडी चार रेघांची खूण आहे. जपानी शब्दात मधलं अक्षर तैवानसारखंच, 車, पण पहिलं अक्षर वेगळं: 駐, ज्याच्या डावीकडे चार ठिपक्यांचा घोडा आहे.

चीनने १९५६ मध्ये अक्षरं सोपी करण्याची योजना आणली आणि १९६४ मध्ये तिची सविस्तर यादी काढली. तैवान, हाँगकाँग, मकाऊ यांनी जुनी रूपं ठेवली. जपानने १९४० च्या दशकाच्या शेवटी स्वतःची वेगळी, बरीच सौम्य काटछाट केली होती. त्यामुळे आज एकाच अक्षराची दोन, कधी तीन रूपं वापरात आहेत, आणि आपल्याला देश सांगणारा धागा हाच.

पायरी ५ : अक्षराचा डावा भाग तपासा

चीनच्या यादीतलं सगळं पाठ करायची गरज नाही. अक्षराच्या डाव्या बाजूला जो घटक येतो, तोच बघा. तो शेकडो अक्षरांत पुन्हा पुन्हा येतो, आणि चीनने तो घटकच सरसकट सोपा केला. जपानने तसं केलं नाही. म्हणून ही चाचणी चीनला बाकीच्यांपासून जवळजवळ अचूक वेगळं करते.

'धातू' हा घटक जुन्या रूपात 金 ची भरगच्च आवृत्ती असतो, नव्या रूपात 钅, नुसता आकडा अडकवल्यासारखा. बँकेची पाटी बघा: 銀行 की 银行? 'अन्न' हा घटक जुना 飠, नवा 饣. हॉटेल: 飯店 की 饭店? 'वाणी' हा घटक जुन्यात ठिपका, आडव्या रेघा आणि खाली चौकट असा असतो, नव्यात नुसता ठिपका आणि एक आकडा: 語 आणि 语. याच जोडीला 'दार' ठेवा. 門 म्हणजे दोन पाखांचं दार. 门 म्हणजे रिकामी चौकट आणि डाव्या खांद्यावर एक ठिपका.

या चारांपैकी एक जरी सोपं रूप बारीक मजकुरात सापडलं, तर चीन, सिंगापूर किंवा मलेशिया. जुनं रूप सापडलं, तर तैवान, हाँगकाँग, मकाऊ किंवा जपान.

पायरी ६ : जपान की तैवान?

पूर्ण चिनी अक्षरांत लिहिलेल्या जपानी पाट्याही असतात. दाताचा दवाखाना, औषधाचं दुकान, ग्रंथालय वगैरे. तिथे जपानने स्वतः बदललेली अक्षरं शोधायची. उत्तम उदाहरण औषधाचं: तैवानमध्ये 藥, चीनमध्ये 药, जपानमध्ये 薬. तिन्हींत वर गवताचं चिन्ह आहे. खाली बघा. 藥 मध्ये 白 च्या दोन्ही बाजूंना दोऱ्याच्या गुंडाळ्या आहेत. जपानने त्या काढून दोन्ही बाजूंना दोन-दोन ठिपके ठेवले. चीनने तर सगळा खालचा भागच बदलला. लांबून अस्पष्ट फोटोतसुद्धा 药 मोकळं दिसतं, 藥 काळं ठिक्कर दिसतं आणि 薬 मधलं.

अशीच आणखी दोन त्रिकुटं लक्षात ठेवली तर पुरे. 'विस्तृत': 廣 तैवान, 广 चीन, 広 जपान. चिनी रूप अक्षरशः पोकळ आहे. 'चित्र' हे अक्षर ग्रंथालयाच्या पाटीवर भेटतं: 圖書館 तैवान, 图书馆 चीन, 図書館 जपान. शिवाय रेल्वे स्थानकाला जपानमध्ये 駅 म्हणतात, चीन-तैवानमध्ये 站. आणि जपानने स्वतः घडवलेली काही अक्षरं आहेत, त्यांतलं 込 दुकानांत किमतीच्या चिठ्ठीवर 税込 असं हरघडी दिसतं, म्हणजे 'करासहित'.

एक सावधगिरी. काही अक्षरं चीन आणि जपान दोघांनी सारखीच सोपी केली: 国, 学, 会, 医, 号. बरेच जण 国 दिसलं की 'सोपं अक्षर, म्हणजे चीन' असं ठोकून देतात. तेवढ्यावरून फक्त इतकंच कळतं की पाटी बहुधा तैवान-हाँगकाँगची नाही. 台 वरूनही काही ठरवू नका. तैवानच्या नावातलं अक्षर औपचारिक लिखाणात 臺, पण तैवानची माणसं स्वतःच रोज 台 लिहितात.

पायरी ७ : शेवटची वाटणी

सोपी अक्षरं आहेत, पण देश कोणता? सिंगापूरने १९७० च्या दशकात चीनचीच रूपं स्वीकारली, मलेशियाच्या चिनी शाळांतही ती आली. इथे आजूबाजूची लिपी बघायची. सिंगापूरच्या सरकारी पाट्यांवर इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ अशा चार भाषा एकत्र असतात. तमिळ आपल्याला दिसताक्षणी कळते. मलेशियात रोमन लिपीतलं मलय ठसठशीत असतं. रस्त्याच्या नावाआधी 'जालान' असतं. मलेशियाच्या चिनी दुकानांत आणि वर्तमानपत्रांत मोठा मथळा जुन्या रूपांत आणि खालचा मजकूर सोप्या रूपांत, असंही दिसतं. मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवू नये तो याचसाठी.

जुनी अक्षरं आहेत, तर तैवान, हाँगकाँग की मकाऊ? पत्ता वाचा. तैवानच्या पत्त्यात रस्ता 路, मग त्याचा भाग 段, गल्ली 巷, घर क्रमांक 號 अशी उतरंड असते. 中山路 हे नाव चीनमध्येही गावोगाव आहे, पण पुढे 二段 आलं आणि बाकी अक्षरं जुनी असली की तैवान. हाँगकाँगमध्ये मोठ्या रस्त्याला 道 म्हणतात, रस्त्याच्या नावाच्या पाटीवर वर इंग्रजी आणि खाली चिनी असतं, आणि फोन नंबर सरळ आठ आकडी असतो, शहराचा कोड नाही. जाहिरातींत 嘅, 唔, 啲 अशी, डावीकडे बारीक 口 लावलेली अक्षरं किंवा 有 च्या पोटातल्या दोन रेघा काढलेलं 冇 दिसलं तर ती कॅन्टोनीज बोली. जुन्या अक्षरांबरोबर ती आली की बहुधा हाँगकाँग, कधी मकाऊ.

मकाऊ ओळखायला मराठी आणि कोंकणी वाचकाला सगळ्यात सोपं. पणजीच्या फोंटेन्हास भागात निळ्या-पांढऱ्या फरशांवर 'रुआ' अमुकतमुक लिहिलेल्या पाट्या पाहिल्या असतील, तशाच फरशांच्या पाट्या मकाऊच्या रस्त्यांवर आहेत. पोर्तुगिजांनी गोवा १९६१ मध्ये सोडला आणि मकाऊ १९९९ मध्ये. तिथे फरशीवर वर चिनी असतं, खाली पोर्तुगीज.

नियम कुठे मोडतो

चीनमध्येही जुनी अक्षरं दिसतात, आणि कायद्याने दिसू शकतात. तिथला भाषाविषयक कायदा १ जानेवारी २००१ पासून लागू आहे. त्यात सार्वजनिक वापरासाठी सोपी रूपंच सांगितली आहेत, पण पाटीवरच्या हस्ताक्षराला सूट आहे. बँक ऑफ चायनाच्या चीनमधल्या शाखांवर 中國銀行 असं जुन्या रूपात लिहिलेलं असतं, कारण ते नाव लेखक क्वो मोरुओ यांच्या हस्ताक्षरातलं आहे. दाराशेजारची वेळापत्रकाची बारीक पाटी मात्र सोप्या अक्षरांत. जपानमध्येही संस्था नावात जुनं रूप जपतात. टोकियोतलं 國學院 विद्यापीठ आपलं नाव आजही असंच लिहितं.

देवळं आणि वेशी यांवरून तर काहीच ठरवू नये. सेऊलच्या राजवाड्याच्या ग्वांगह्वामुन दरवाजावर 光化門 अशी तीन चिनी अक्षरं आहेत, २०२३ मध्ये बसवलेली नवी पाटीही त्यांचीच. व्हिएतनाममधल्या जुन्या मंदिरांवर चिनी अक्षरं आहेत. असल्या पाट्या बहुधा उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. परदेशातल्या जुन्या चिनी वस्त्या, कोलकात्याच्या टांग्रासारख्या, चीनमधल्या बदलाआधी वसलेल्या आहेत, म्हणून तिथेही जुनी रूपं सापडली तर नवल नाही.

एक फोटो सोडवून बघू

समजा फोटोत गुडघाभर पाणी आहे, दोन्ही बाजूंना दुकानं आहेत आणि खाली लिहिलंय 'चीनमधला महापूर'. सगळ्यात मोठी पाटी खानावळीची: 鮮の鍋. कुणीतरी उत्तर देतं, 'हा तर जपान, मध्ये जपानी अक्षर आहे.'

मोठी पाटी बाजूला ठेवू. वर्तुळं कुठेच नाहीत, म्हणजे कोरिया नाही. の सोडून दुसरा काना शोधला, एकही नाही. म्हणजे जपानचा पुरावा कच्चा. त्याच पाटीवरचं 鍋 बघितलं तर डावीकडे पूर्ण 金 आहे, म्हणजे सोपं रूप नाही. पण ते मोठं नाव आहे, त्यामुळे तूर्त नुसतं टिपून ठेवू.

पुढच्या दुकानावर 藥局. 白 च्या दोन्ही बाजूंना गुंडाळ्या आहेत, ठिपके नाहीत. जपानमध्ये 薬局 असतं, चीनमध्ये 药. दोन्ही मागे पडले. मागच्या P पाटीवर 停車場, तेही जुनं रूप, आणि 駐 नाही. आता दोन वेगवेगळ्या कामाच्या पाट्या एकच गोष्ट सांगतायत. राहिले तैवान, हाँगकाँग, मकाऊ. पोर्तुगीज कुठे नाही, इंग्रजीही जवळजवळ नाही, तेव्हा हाँगकाँग-मकाऊ मागे पडतात. औषधांच्या दुकानाखाली बारीक पत्ता आहे, त्यात 二段 स्पष्ट वाचता येतं. तैवान. शेजारी फोन नंबर, कंसात ०४ आणि पुढे २ ने सुरू होणारे आठ आकडे. हा तैवानमधल्या तायचुंगचा कोड.

म्हणजे खालची ओळ चुकीची. फोटो कधीचा आहे, पाणी पुराचं की फुटलेल्या पाइपचं, हे मात्र अक्षरं सांगणार नाहीत. त्यासाठी दुकानाचं नाव आणि पत्ता घेऊन नकाशावर ते दुकान शोधावं लागेल.

अक्षर टाइप करून शोधताना

पाटीवरचं अक्षर वाचता येत नसेल तर फोनच्या कीबोर्डमध्ये चिनी हस्तलेखन चालू करा आणि बोटाने अक्षर काढा. रेघांचा क्रम चुकला तरी बहुधा योग्य अक्षर सुचवलं जातं. सुचवलेल्या यादीत 國, 国 अशी रूपं शेजारी शेजारी आली, तर पाटीवरच्या रेघांशी तंतोतंत जुळणारं निवडा.

यात एक तांत्रिक अडचण आहे. 國 आणि 国 यांना संगणकावर वेगळे क्रमांक आहेत, U+570B आणि U+56FD, त्यामुळे ती एकमेकांत मिसळत नाहीत. पण काही अक्षरांची चिनी आणि जपानी वळणं वेगळी असूनही क्रमांक एकच आहे. 直 (U+76F4) घ्या. जपानी आणि तैवानी छपाईत त्याच्या डावीकडून खाली उतरून वळणारी काटकोनी रेघ असते. चीनच्या छपाईत तो कोपरा नसतो, खाली नुसती आडवी रेघ. तुमच्या पडद्यावर यातलं कोणतं दिसेल, हे फोनच्या फाँटवर आणि भाषेच्या सेटिंगवर ठरतं. म्हणून अशा अक्षरांच्या बाबतीत ॲपने ओळखून पडद्यावर छापलेलं अक्षर पुरावा म्हणून धरू नका. फोटोतलं मूळ अक्षर मोठं करून त्याचा डावा कोपराच बघा.